दुबईच्या किचनला लिहायचं पत्र

हॉटेल लाइनमधला माणूस आखाती देशात नोकरीसाठी कव्हर लेटर लिहितो तेव्हा सुरुवात बहुधा ठरलेली असते: ‘मी प्रामाणिक आणि कष्टाळू असून मला बारा वर्षांचा अनुभव आहे.’ हे पत्र एचआरकडून शेवटी शेफपुढे येतं. त्याच्या किचनमधली एक ठरावीक जागा रिकामी असते आणि बारा वर्षं कुठल्या शेगडीपुढे गेली, हे त्या वाक्यातून त्याला कळत नाही.

समजा, पुण्यातल्या एका हॉटेलातला आचारी दुबईत ‘डेमी शेफ द पार्टी’च्या जागेसाठी अर्ज करतोय. ही जागा कॉमीच्या वरची आणि सेक्शन सांभाळणाऱ्या शेफ द पार्टीच्या खालची. त्याने असं लिहावं: ‘सध्या करी सेक्शनला आहे. मखनी, कांदा-टोमॅटो आणि काजूची पांढरी ग्रेव्ही रोज मी लावतो. रविवारी रात्री दीडशे कव्हर होतात. तेव्हा हाताखाली दोन कॉमी असतात. तंदूरवाला सुटीवर असला की नान-रोटी काढतो, पण तंदूर हा माझा मुख्य सेक्शन नाही.’ शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. निवडीआधी बहुतेक ठिकाणी फूड ट्रायल होते. तंदूर येतो असं ठोकून दिलेला माणूस तिथे पहिल्या नानलाच उघडा पडतो. एक तर तो भट्टीत गळून पडतो, नाहीतर करपतो.

छोट्या हॉटेलात ‘हेड कुक’ म्हणवणाऱ्याने तो हुद्दा तसाच लिहू नये. हाताखाली किती माणसं, कच्चा माल कोण मागवतं, मेनू कोण ठरवतं, एवढं लिहिलं की शेफ स्वतःच त्याची पायरी ओळखतो.

स्वच्छतेबद्दलही तेच. ‘मला हॅसप येतं’ असं कुणीही लिहितं. त्याऐवजी लिहावं: ‘उरलेली ग्रेव्ही उथळ ट्रेमध्ये पसरून दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत उतरवतो, तापमान वहीत नोंदवतो, ट्रेवर तारखेचं लेबल लावतो.’ मोठ्या पातेल्यातली ग्रेव्ही मध्यभागी तासन्‌तास कोमट राहते आणि जंतूंना तेवढं पुरतं, म्हणून ही खटपट. ती रोज करणाऱ्यालाच असं लिहिता येतं.

पत्र एका पानाच्या पुढे नको. शेवटी नोटीस पिरियड किती आणि पासपोर्टची मुदत कधीपर्यंत, ते लिहावं. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ असतं. त्यांना नोकरीसाठी अमिरातीत जाण्याआधी सरकारची परवानगी काढावी लागते, म्हणून तेही आधीच सांगावं. पत्र एजंटामार्फत जाणार असेल तर तो परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेट पोर्टलवर पाहावं. अशा एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पैसे दिले की पावती मागून घ्यावी.