बेसिलची पानं तोडू नका, शेंडा खुडा

रोपवाटिकेतून आणलेलं बेसिल पहिले पंधरा दिवस डोळ्यांत भरतं. पास्त्यावर, सॅलडवर घालायला आपण अधूनमधून पानं तोडत असतो. दीड-दोन महिन्यांत मात्र रोप किडकिडीत होऊन वर चढतं, बुंध्याकडचा देठ तपकिरी आणि कडक पडतो, खालचा भाग बोडका होतो आणि शेंड्यावर मंजिऱ्या येतात. मग पाणी कमी पडलं असेल, खत कमी पडलं असेल, असे तर्क सुरू होतात. बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं. आपण पानं चुकीच्या जागेवरून तोडलेली असतात.

घरी बहुतेक जण खालची मोठी पानं तोडतात आणि कोवळा शेंडा वाढू दे म्हणून राखून ठेवतात. बेसिलला नेमकं याच्या उलट हवं असतं. त्याची पानं देठावर समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक इवलासा डोळा असतो. त्या डोळ्यातून नवी फांदी फुटू शकते. पण शेंडा शाबूत असेपर्यंत तिथे तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक देठातून खाली उतरत राहतं आणि खालच्या डोळ्यांना दबवून ठेवतं. त्यामुळे रोपाची सगळी ताकद एकाच दिशेने, वर जाते. खालची मोठी पानं काढली की रोपाचं अन्न तयार करणारा भागच कमी होतो, आणि उंची वाढायची थांबत नाही ती नाहीच. शेंडा खुडला की ऑक्झिनचा तो दाब सुटतो आणि कापाच्या लगेच खालच्या जोडीतले दोन्ही डोळे जागे होतात. एका देठाचे दोन देठ होतात.

म्हणून काप कुठे घ्यायचा हे महत्त्वाचं. पानांची जोडी जिथे देठाला चिकटते, त्या पेराच्या साधारण अर्धा सेंटिमीटर वर नखाने किंवा स्वच्छ कात्रीने देठ तोडायचा. बेचक्यात नीट पाहिलं तर तांदळाच्या दाण्याहून लहान अशी दोन हिरवी पानं दिसतात. ती दिसत असतील तर जागा बरोबर आहे, आठ-दहा दिवसांत तिथे फुटवा दिसेल. दोन पेरांच्या मधोमध कापलं तर वर उरलेला देठाचा तुकडा वाळतो, आणि पावसाळ्यात तिथूनच कूज सुरू होऊ शकते.

पुण्यासारख्या हवेत एका कुंडीचं वेळापत्रक कसं असेल, ते पाहू. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या मध्याला दहा इंची कुंडीत बी टाकलं. किराणा दुकानात मिळणारा सब्जा हे बेसिलच्याच जातीचं बी आहे, त्यामुळे तोही उगवतो. फक्त त्याचा वास इटालियन वाणापेक्षा वेगळा असू शकतो. आठवड्याभरात अंकुर दिसले की दाटी विरळ करून कुंडीत एक, फार तर दोन रोपं ठेवायची. नोव्हेंबरच्या अखेरीस रोप वीतभर होतं आणि त्यावर पानांच्या चार जोड्या दिसतात. पहिली खुडणी याच वेळी करायची. खालच्या दोन जोड्या ठेवून त्यांच्या वर काप घ्यायचा. एवढ्या लहान रोपाला कात्री लावायला मन धजत नाही, पण रोपाला झुडपासारखा आकार येतो तो याच कापामुळे.

त्यानंतर दोन फांद्या निघतात. प्रत्येकीवर तीन जोड्या झाल्या की पहिली जोडी ठेवून वरचा भाग खुडायचा. दोनाच्या चार होतात, पुढच्या फेरीत चाराच्या आठ. एरवी दोन ते तीन आठवड्यांनी खुडणी येते. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री थंड असतात, बेसिलला थंडी मानवत नाही, त्यामुळे तेव्हा महिनाभर थांबावं लागतं. तारखेपेक्षा जोड्या मोजाव्यात. फेब्रुवारीत ऊन वाढलं की वाढ झपाट्याने होते. तोवर आठ फांद्या झालेल्या असतील तर एका खुडणीत चांगली मूठभर पानं मिळतात, तीही सगळी कोवळी. एका वेळी रोपाचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त पाला मात्र काढू नये. खुडणीनंतर मूठभर गांडूळखत पुरतं. नत्राचं खत भरमसाट दिलं तर पानं मोठी होतात, पण सुगंध उतरतो.

मंजिरीचंही गणित असंच आहे. बेसिलची फूल-दांडी फांदीच्या टोकालाच येते, म्हणजे मंजिरी धरली की त्या फांदीची पुढची पानं बंद. आधीची पानंही लहान आणि कडवट होऊ लागतात. वय, कडक ऊन, कुंडी वाळणं आणि मुळांची कोंडी या सगळ्यांमुळे फुलोरा लवकर येतो. घरच्या तुळशीच्या मंजिऱ्या वाळल्यावर काढायची आपल्याला सवय असते. बेसिलच्या बाबतीत तोवर फार उशीर होतो. शेंड्यावरची पानं अचानक बारीक होऊन चौकोनी मनोऱ्यासारखी दाटीने रचलेली दिसली, की कळी येतेय असं समजावं आणि लगेच काप घ्यावा. नुसतं टोक चिमटून भागत नाही, कारण लगतच्या डोळ्यांतूनही पुन्हा मंजिरीच येऊ पाहते. दोन पेरं खाली उतरून, धडधाकट पानांच्या जोडीवर कापावं.

किडकिडीतपणाचं कारण नेहमी खुडणीत सापडेल असं नाही. देठ फिकट असेल, पेरांमधलं अंतर लांब असेल आणि रोप खिडकीकडे झुकत असेल, तर त्याला ऊन कमी पडतंय. बेसिलला रोज सहा तास ऊन हवं. एप्रिल-मेमध्ये दुपारी ग्रीन नेटची सावली करावी. सावलीत वाढलेल्या रोपाची खुडणी केली तर एकाऐवजी दोन किडकिडीत फांद्या मिळतात, एवढंच. सुपरमार्केटमधल्या लहान कुंडीत बहुधा अनेक रोपं दाटीने लावलेली असतात, ती आणल्याबरोबर वेगळी करून लावावीत.

आणि खोड आधीच लाकडी झालं असेल तर? जून, निष्पर्ण खोडावर काप घेतला तर तिथून फुटवा येईलच असं नाही, बरेचदा ती फांदीच वाळते. म्हणून प्रत्येक फांदीवर निदान एक हिरवी जोडी राहील असंच कापावं. वरून काढलेले, मंजिरी नसलेले बोटभर लांबीचे शेंडे फेकू नयेत. खालची पानं काढून ते पाण्यात ठेवावेत आणि एक दिवसाआड पाणी बदलावं. साधारण आठ-दहा दिवसांत मुळं दिसतात. ती इंचभर झाली की शेंडे कुंडीत लावता येतात.

कितीही काटेकोर खुडणी केली तरी बेसिल हे थोड्या आयुष्याचं झाड आहे. पाच-सहा महिन्यांत बुंधा जून होतोच आणि नवे फुटवे बारीक येऊ लागतात. म्हणून मार्चच्या खुडणीतलेच चार शेंडे पाण्यात ठेवा. जुनं रोप थकेल तेव्हा नवं हाताशी असेल.