गोंगाटातून तार हुडकणारा ट्यूनर

गिटारची पाचवी तार सुरात असली की सेकंदाला ११० वेळा कंप पावते. मग मोबाइलमधल्या ट्यूनरने हे कंप सरळ मोजावेत की! पण तार कधीच एकटी वाजत नाही. मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाचे उपस्वर निघतात. त्यांच्यामुळे ध्वनीची लहर एकाच फेरीत अनेकदा वरखाली होते. त्यात पंख्याचा आवाज आणि तार छेडताना होणारी खरखर मिसळली, की मोजणी हमखास चुकते.

म्हणून ट्यूनर चढउतार मोजत नाही, तो पुनरावृत्ती शोधतो. या पद्धतीला ऑटोकोरिलेशन म्हणतात. माइकवरून सेकंदाला ४४,१०० आकडे नोंदले जातात असं धरू. यातला एक छोटा तुकडा घ्यायचा, त्याची प्रत काढायची आणि ट्रेसिंग पेपरसारखी ती मूळ तुकड्यावरून एकेक घर पुढे सरकवायची. प्रत्येक वेळी समोरासमोर आलेल्या आकड्यांचा गुणाकार करून सगळ्यांची बेरीज घ्यायची. उंचवट्यावर उंचवटा आणि खड्ड्यावर खड्डा आला, तर सगळे गुणाकार धन येतात आणि बेरीज फुगते. खरखरीचं मात्र तसं नसतं. तिच्या आत्ताच्या आकड्याचा चारशे घरं पुढच्या आकड्याशी काही संबंध नसतो, त्यामुळे धन आणि ऋण गुणाकार बहुतेक एकमेकांना खाऊन टाकतात. उपस्वर तर उलट मदतच करतात, कारण मूळ फेरी पुरी होते तेव्हा त्यांच्याही फेऱ्या पुऱ्या झालेल्या असतात.

समजा, ४०५ घरं सरकवल्यावर बेरजेचं शिखर आलं. ४४,१०० भागिले ४०५ म्हणजे सुमारे १०८.९. तार ११०च्या खाली आहे, सेंटच्या भाषेत जवळपास १८ सेंट उतरलेली. अर्ध्या स्वराचे शंभर सेंट होतात, म्हणजे ही चूक सरावलेल्या कानाला नक्की खुपेल. खुंटी पिळत गेलं, की शिखर ४०१व्या घराकडे सरकतं. एका घराचा फरक इथे चार सेंटांहून थोडा जास्त असतो, म्हणून चांगला ट्यूनर शिखराच्या शेजारची घरंही बघतो आणि दोन घरांमधली नेमकी जागा काढतो.

खरी गोची पुढे आहे. ४०५ला जुळलेली लहर ८१०लाही तितकीच जुळते. ट्यूनरने चुकून ते शिखर धरलं, तर तो सूर एक सप्तक खाली दाखवेल. दुप्पट वेगाचा उपस्वर फार जोरात असेल, तर ४०५च्या निम्म्यावरही एक टेकाड उभं राहतं आणि सूर सप्तकभर वर गेल्यासारखा वाटतो. यावर उपाय म्हणजे पुरेसं उंच असं पहिलं शिखर निवडायचं. ‘पुरेसं’ म्हणजे किती, यातच ट्यूनर बनवणाऱ्याचं कसब दिसतं. २००२ साली द शेव्हेन्ये आणि कावाहारा यांनी मांडलेली ‘यिन’ पद्धत अशाच चुका कमी करण्यासाठी आहे.

आणखी एक मर्यादा आहे. शेजारची तार गुणगुणत असेल तर तीही पुनरावृत्तीच असते, आणि ती खरखरीसारखी खोडली जात नाही. तेव्हा ट्यूनिंग करताना बाकीच्या तारा तळव्याने दाबून ठेवा, तार हलकेच छेडा आणि सुरुवातीचा ठणका ओसरल्यावरच काटा वाचा.