कुत्रा चावला? आधी साबण, मग 'शून्य दिवस'

मार्च महिन्यात एका वस्तीवर गोठ्याजवळ खेळणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला मोकाट कुत्रा चावला. पोटरीतून रक्त आले. आजीने जखमेवर चुना आणि तिखट भरले. "कुत्रं आपल्याच आळीतलं हाय, काही होत नाही," असे म्हणून घरचे थांबले. दुपारी ग्रामसेवकांनी हट्टाने दवाखान्यात नेले म्हणून बरे झाले. कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

खरे काम विहिरीवरच सुरू होते. नळाच्या किंवा तांब्याच्या धारेखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुवा. रेबीजचे विषाणू कुत्र्याच्या लाळेतून येतात, साबणाने ते बरेच मरतात. चुना, तिखट, हळद लावू नका. जखमेला टाकेही शक्यतो लगेच घालत नाहीत.

आता लस. पोटात चौदा इंजेक्शने हा प्रकार केव्हाच बंद झाला. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत थोडी थोडी लस दोन्ही दंडांवर देतात. दिवस ठरलेले आहेत: शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. पहिली लस ज्या दिवशी घेतली, तो शून्य दिवस. इथेच लोक चुकतात आणि त्याला पहिला दिवस धरतात. वरील मुलाला ३ मार्चला पहिली लस मिळाली, म्हणून पुढच्या तारखा ६, १० आणि ३१ मार्च. लस दंडाच्या स्नायूत दिली, तर १७ मार्चची आणखी एक वाढते. कार्डावर तारखा लिहूनच घ्या.

रक्त आले असेल तर नुसती लस पुरत नाही. लसीने अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. तोवर आधार म्हणून जखमेत आणि जखमेभोवती सीरम टोचतात. ते पहिल्याच दिवशी घ्यावे. राहून गेले तर पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत घेता येते. आरोग्य केंद्रात नसेल तर लस तिथे घ्या आणि सीरमसाठी मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागा. रक्त न येता फक्त ओरखडा असेल तर लस पुरते. धड कातडीवर कुत्र्याने चाटले, तर काहीच लागत नाही.

कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवा, पण लस त्यासाठी थांबवू नका. तो दहा दिवस ठणठणीत राहिला, तर पुढच्या लसींचे डॉक्टरांना विचारा.

एक मात्र लक्षात ठेवा, धुण्याचा हा नियम सापाला लागू नाही. साप चावला तर जखम धुऊ, चिरू, चोखू किंवा करकचून बांधू नका. पाय न हलवता माणसाला आडवे न्या. सर्पविषावरची लस दवाखान्यातच मिळते.