45 पैकी 18

जानेवारीत दहावीची सराव परीक्षा संपते, पेपर तपासून होतात आणि पालकसभा लागते. प्रत्येकाच्या हातात निकालपत्रक पडण्याआधी वर्गशिक्षिका दोन-तीन मिनिटं बोलतात. त्यात हमखास एक वाक्य असतं: "आपल्या वर्गात इतक्या मुलांना 75 टक्क्यांच्या वर गुण मिळाले, म्हणजे वर्गाच्या इतका भाग." पालक ते ऐकतात, आपलं मूल त्या भागात आहे की नाही एवढंच मनाशी बघतात आणि पुढे सरकतात. पण ते वाक्य चुकीचं सांगणं फार सोपं आहे. आणि ते चुकलं की हिशेब बरोबर असूनही सभेतल्या प्रत्येकाच्या मनात वर्गाचं चित्र चुकीचं बसतं.

एक वर्ग घेऊ. दहावी ब, पट 48. सराव परीक्षेला तीन मुलं गैरहजर राहिली, म्हणजे परीक्षेला बसली 45. शाळेने बोर्डाचीच पद्धत धरली आहे: सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय घ्यायचे आणि 500 पैकी टक्केवारी काढायची. महाराष्ट्र बोर्डात 75 टक्के व त्यापेक्षा जास्त म्हणजे विशेष प्रावीण्य. 500 पैकी 75 टक्के म्हणजे 375 गुण. बाईंनी निकालपत्रकावर बोट ठेवत मोजलं, तर 375 किंवा त्याहून अधिक गुण असलेली मुलं निघाली 18. त्यातल्या दोघांना नेमके 375 आहेत.

आता अपूर्णांक काढायचा. वरचा आकडा, म्हणजे अंश, 18. खालचा आकडा, म्हणजे छेद, कोणता घ्यायचा? परीक्षेला बसलेली मुलं धरली तर 18/45. दोन्हीला 9 ने भाग जातो आणि 2/5 मिळतात, म्हणजे 40 टक्के. पट धरला तर 18/48, म्हणजे 3/8, म्हणजे साडेसदतीस टक्के. आणि बाई "75 टक्क्यांच्या वर" हे शब्द अगदी शब्दशः घेणाऱ्या असतील, तर नेमके 375 वाले दोघं बाहेर पडतात, उरतात 16, आणि पटाशी तो भाग होतो 16/48, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. वर्ग तोच, परीक्षा तीच, बेरीज-भागाकारात एकही चूक नाही. तरी एका सभेत "दर पाचांत दोघं" असं सांगता येतं आणि दुसऱ्या सभेत "दर तिघांत एक".

यातलं योग्य उत्तर कोणतं? उंबरठ्याच्या बाबतीत वाद असू नये. बोर्डाची व्याख्या "75 टक्के व त्यापेक्षा जास्त" अशी आहे, तेव्हा 375 वाला मुलगा आतच धरायचा. बोलताना "75 च्या वर" असं सहज तोंडात येतं. त्याऐवजी "75 किंवा अधिक" म्हणावं. छेदाच्या बाबतीतही बोर्डाने घालून दिलेली वाट आहे. दहावीचा निकाल जाहीर होतो तेव्हा नोंदणी किती, परीक्षेला बसले किती आणि उत्तीर्ण किती हे आकडे वेगवेगळे दिले जातात, आणि उत्तीर्णांची टक्केवारी बसलेल्यांवर काढलेली असते. वर्गातही तसंच करणं बरं. जे मूल परीक्षेला बसलंच नाही, त्याला 75 टक्के मिळाले असते की नसते याबद्दल ती परीक्षा काहीच सांगू शकत नाही. मात्र अट एकच: तीन मुलं गैरहजर होती हे सभेत सांगितलं पाहिजे. ते गाळलं तर ऐकणारा आपसूक पट धरतो, कारण वर्गात 48 मुलं आहेत हे प्रत्येक पालकाला ठाऊक असतं.

ही अट गाळल्यावर काय होतं ते सत्र परीक्षेशी तुलना केली की दिसतं. समजा पहिल्या सत्रात सगळी 48 मुलं बसली होती आणि तेव्हाही 75 किंवा अधिक टक्के 18 जणांनाच मिळाले होते. भाग होता 3/8, म्हणजे 37.5 टक्के. आता 40 टक्के. बाई सभेत म्हणाल्या, "वर्गाची प्रगती झाली," तर ते खरं नाही. उंबरठा ओलांडणारी मुलं तेवढीच आहेत. छेद लहान झाला म्हणून भाग मोठा दिसतो आहे. ती तीन गैरहजर मुलं अभ्यासात मागे असतील, तर वाढ पूर्णपणे त्यांच्या गैरहजेरीची आहे. म्हणून दोन परीक्षांचे अपूर्णांक शेजारी ठेवण्याआधी अंश आणि छेद दोन्ही सुटे बघायचे. अंश हलला असेल तरच पुढचं बोलायचं. तेही जपून, कारण 45 मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे जवळजवळ सव्वादोन टक्के. एखाद्याला त्या आठवड्यात ताप होता, एखादीचा एक पेपर सोपा गेला, एवढ्यानेही दोन-चार टक्के इकडचे तिकडे होतात.

दुसरी अडचण गोल करण्याची. 500 पैकी एक गुण म्हणजे 0.20 टक्के. 374 गुणांचे होतात 74.80 टक्के आणि 373 चे 74.60. संगणकावरच्या तक्त्यात दशांश लपवला असेल तर दोन्ही ठिकाणी 75 दिसतं, आणि घाईत मोजणारा त्यांनाही आत घेतो. अंश 18 चा 20 होतो आणि भाग 4/9, म्हणजे 44 टक्क्यांच्या पुढे. मग प्रत्यक्ष निकालपत्रक हातात पडल्यावर 74.80 वाचणारं मूल विचारतं, बाई, मी त्यात होते ना? या प्रश्नाला चांगलं उत्तर नसतं. यावर साधा उपाय असा की टक्के मोजायचेच नाहीत, गुण मोजायचे. 375 आणि पुढे किती, एवढंच. पूर्णांकांत गोल करायला काही उरत नाही.

खरं तर 75 च्या रेषेचं मोठं वैगुण्य इथेच आहे. 374 आणि 375 यांत एका गुणाचं अंतर, पण या मोजणीत एक मूल आत आणि दुसरं बाहेर. उलट 376 आणि 480 यांना ती सारखंच मोजते. म्हणून अपूर्णांक सांगून झाल्यावर रेषेच्या लगत किती जण आहेत हे सांगणं मला फार मोलाचं वाटतं. आपल्या वर्गात 365 ते 374 या दहा गुणांत पाच मुलं आहेत असं धरू. ती पाचही बोर्डाच्या परीक्षेत पलीकडे गेली आणि आतली कुणी मागे आली नाहीत, तर 45 पैकी 23 होतात, म्हणजे निम्म्याहून अधिक. दर पाचांत दोन आणि निम्म्याहून अधिक, एवढा फरक त्या दहा गुणांच्या पट्टीत दडलेला आहे. पालकाला यातून काहीतरी करता येतं. नावं मात्र घ्यायची नाहीत. ज्याचं त्याला निकालपत्रकावरून कळतंच.

उरलेल्या 27 जणांबद्दलही एक वाक्य हवं. "दोन पंचमांश मुलं वर" असं म्हटलं की तीन पंचमांश खाली, हे सभेत न बोलता सगळ्यांना ऐकू येतं, आणि खाली म्हणजे नापास असा अर्थ काही घरांत सहज घेतला जातो. बोर्डाच्या पायऱ्यांत 60 ते 75 ही प्रथम श्रेणी आहे. आपल्या वर्गात त्या 27 पैकी 20 जण प्रथम श्रेणीत असतील, तर 45 पैकी 38 जणांना 60 किंवा अधिक टक्के आहेत. हे सांगितलं नाही तर त्या 20 घरांत त्या रात्री उगाच बोलणी बसतात.

आता एक गंमत मुख्याध्यापकांच्या टेबलावरची. अ तुकडीत 40 पैकी 30, म्हणजे 3/4, 75 टक्के. ब तुकडीत 45 पैकी 18, म्हणजे 2/5, 40 टक्के. दोन्ही तुकड्या मिळून किती? 75 आणि 40 यांची सरासरी साडेसत्तावन्न काढून ती अहवालात लिहिली जाते. ती चूक आहे, कारण ब तुकडी मोठी आहे आणि तिचं वजन जास्त पडायला हवं. इथे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवायचा: 48/85, म्हणजे सुमारे 56.5 टक्के. गणिताच्या तासाला अपूर्णांकांची बेरीज अशी केली तर आपण लाल शाईने कापतो. पण इथे आपण बेरीज करत नाही, दोन वर्गांतली मुलं एका मैदानात उभी करतो आहोत. म्हणूनच हे आधी संक्षेप देऊन चालत नाही. 3/4 आणि 2/5 घेऊन तेच केलं तर 5/9 येतात, म्हणजे 55.6 टक्के, तेही चूक. संक्षेप दिला की मुलांची संख्या पुसली जाते आणि नुसतं प्रमाण उरतं. प्रमाण ऐकायला सोपं असतं, पण पुढचा हिशेब करायला संख्या लागते. सभेत आधी 45 पैकी 18 म्हणायचं आणि मगच दर पाचांत दोन, ते यासाठी.

सगळे आकडे इतके सोयीचे नसतात. 18 ऐवजी 17 असते तर 17/45 ला कशानेच भाग जात नाही. तिथे ओढूनताणून "साधारण दोन पंचमांश" म्हणण्यापेक्षा "45 पैकी 17, म्हणजे सुमारे 38 टक्के" एवढं पुरे.

हे सगळं लक्षात घेऊन बाईंचं बोलणं असं होईल:

"आपल्या वर्गाचा पट 48. सराव परीक्षेला 45 जण बसले, तिघं गैरहजर होते. 375 किंवा अधिक गुण, म्हणजे 75 टक्के किंवा त्याहून जास्त, 18 जणांना मिळाले. बसलेल्यांपैकी दर पाचांत दोघं, 40 टक्के. आणखी पाच जण या रेषेच्या दहा गुणांच्या आत आहेत. एकूण 38 जणांना 60 किंवा अधिक टक्के आहेत. पहिल्या सत्रातही 75 च्या रेषेवर 18 जणच होते, तेव्हा मुलं आहेत तिथेच आहेत असं समजा."

अर्ध्या-पाऊण मिनिटात हे बोलून होतं. वर्गशिक्षकांना विनंती अशी की बोलायला उभं राहण्याआधी फळ्यावर पट, बसलेले आणि रेषेवरचे हे तीन आकडे लिहून ठेवावेत. आणि पालकांनी, नुसती टक्केवारी कानावर आली तर संकोच न करता विचारावं: किती पैकी किती?