पृथ्वीने दिलेला वेग आणि श्रीलंकेचा वळसा

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काँक्रीटच्या पायात घट्ट बोल्ट केलेले एखादे लेथ यंत्र वर्षानुवर्षे जागचे हलत नाही, असे आपण मानतो. प्रत्यक्षात ते यंत्र, ती शेड आणि दाराशी उभा असलेला टेम्पो, सारे काही दर सेकंदाला सुमारे 437 मीटर या वेगाने पूर्वेकडे चालले आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि तिच्या पृष्ठभागावरील प्रत्येक वस्तूला बरोबर घेऊन जाते. विषुववृत्तावर हा वेग सेकंदाला 465 मीटर असतो. उत्तरेकडे सरकावे तसतसे वर्तुळ लहान होत जाते आणि वेगही घटतो. ध्रुवावर तो शून्य होतो.

अग्निबाणाच्या दृष्टीने हा वेग म्हणजे बिनव्याजी भांडवल होय. पृथ्वीजवळच्या कक्षेत उपग्रह टिकायचा असेल, तर त्याला आडवा वेग सेकंदाला सुमारे 7,600 मीटर लागतो. श्रीहरिकोटा 13.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथील जमीन मुळातच 452 मीटरच्या वेगाने पूर्वेला जात असते. अग्निबाण पूर्वेकडे सोडला, की तेवढा वेग त्याच्या खात्यात आधीच जमा असतो. उरलेले सुमारे 7,150 मीटर त्याला स्वतः मिळवावे लागतात.

साडेचारशे म्हणजे सहा-सात टक्के, एवढ्यासाठी इतका खटाटोप कशाला, असे हिशेबी मनाला वाटेल. परंतु अग्निबाणाचा जमाखर्च सरळ व्याजाचा नाही, तो चक्रवाढीचा आहे. शेवटी लागणारे इंधन आधी वर उचलावे लागते आणि ते उचलण्यासाठी आणखी इंधन लागते. म्हणून तेवढाच उपग्रह नेताना हा फुकटचा वेग मिळाला नाही, तर उड्डाणाच्या वेळचे वजन इंधनाच्या जातीनुसार दहा ते सोळा टक्क्यांनी वाढते.

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो. अंबड आणि श्रीहरिकोटा यांच्या वेगांत अंतर अवघे 15 मीटरचे आहे. मग केवळ वेगासाठी आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत जाण्याचे कारण काय? कारण अग्निबाणाचे टप्पे जळून रिकामे झाले, की खाली पडतात. कधी अग्निबाण बिघडतो आणि त्याला हवेतच नष्ट करावे लागते. अंबडहून सरळ पूर्वेला समुद्र लागतो तो ओडिशात, सुमारे 1,250 किलोमीटरवर. दरम्यान छत्रपती संभाजीनगरापासून विदर्भ आणि छत्तीसगडपर्यंत सारी वस्तीची भूमी आहे. म्हणजे वेग मिळणे पुरेसे नाही. त्या वेगाच्या दिशेला मोकळे पाणीही हवे.

भारताच्या पहिल्या दोन प्रक्षेपणस्थळांची कथा नेमकी येथेच वेगळी होते. अहमदाबादच्या जैन उद्योजक घराण्यातील डॉ. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळातील थुंबा येथून पहिला अग्निबाण सुटला. थुंबा साडेआठ अंशांवर आहे, म्हणजे श्रीहरिकोट्यापेक्षा विषुववृत्ताला जवळ. पण ते निवडले गेले चुंबकीय विषुववृत्त तेथून जाते म्हणून. वातावरणाच्या वरच्या थरातील विद्युत्प्रवाह अभ्यासायचे होते आणि त्यासाठीचे छोटे अग्निबाण वर जाऊन पुन्हा खाली समुद्रात पडत. पृथ्वीच्या वेगाशी त्यांना कर्तव्य नव्हते. उपग्रह कक्षेत ठेवायचा विचार सुरू झाला, तेव्हा पश्चिम किनारा निरुपयोगी ठरला, कारण पूर्वेला देशाचीच भूमी होती. साराभाईंनी पूर्व किनाऱ्यावर जागा शोधण्याचे काम सोपवले ते मूळचे कोल्हापूरचे असलेले एकनाथ वसंत चिटणीस यांच्यावर. त्या शोधातून श्रीहरिकोटा पुढे आले. 9 ऑक्टोबर 1971 रोजी तेथून पहिला लहान अग्निबाण उडाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच साराभाईंचे निधन झाले.

दूरसंचाराचे उपग्रह भूस्थिर कक्षेत, म्हणजे थेट विषुववृत्ताच्या वर असतात. त्यांच्यासाठी विषुववृत्ताजवळच्या जागेचा दुसरा आणि बहुधा मोठा लाभ असतो. उंच अक्षांशावरून निघालेल्या उपग्रहाची कक्षा तिरकी असते आणि ती सरळ करायला त्याला स्वतःचे इंधन जाळावे लागते. फ्रेंच गयानातील कुरू, 5.2 अंशांवर, येथून निघालेल्या उपग्रहाला शेवटी सुमारे 1,500 मीटरची वेगवाढ पुरते. फ्लोरिडाहून निघालेल्याला ती साधारण 1,800 लागते. हे इंधन वाचले, की उपग्रहाचे आयुष्य वाढते.

मात्र सर्वच उपग्रह पूर्वेकडे जाणारे नसतात. शेते, धरणे आणि शहरे यांची छायाचित्रे घेणारे उपग्रह ध्रुवांवरून उत्तर-दक्षिण फिरतात. खाली पृथ्वी पूर्वेकडे सरकत राहते, त्यामुळे थोड्या दिवसांत सारी भूमी त्यांच्या दृष्टीखालून जाते. प्रत्येक ठिकाणावरून दररोज त्याच स्थानिक वेळी जाता यावे, यासाठी ही कक्षा ध्रुवापासून किंचित पश्चिमेकडे कललेली, सुमारे 98 अंशांची ठेवतात. अशा कक्षेला पूर्वेचा वेग नकोच असतो. श्रीहरिकोट्याचे 452 मीटर येथे जमेच्या बाजूला न राहता खर्चाच्या बाजूला जातात. तरी हा खर्च वाटतो तेवढा नाही. दक्षिणेकडील प्रचंड वेगाच्या तुलनेत ही आडवी दुरुस्ती लहान असते. म्हणून एकूण गरज 7,600 ऐवजी सुमारे 7,680 मीटर एवढीच होते.

मग ध्रुवीय उड्डाणांसाठी वेगळी जागा का? उत्तर नकाशात आहे. श्रीहरिकोट्याच्या सरळ दक्षिणेला सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवर श्रीलंका आडवी येते. मानवी वस्तीवरून असा अग्निबाण नेणे किती धोक्याचे, हे 1960 मध्ये दिसले होते. 30 नोव्हेंबरला फ्लोरिडाहून दक्षिणेकडे निघालेला अमेरिकन अग्निबाण बिघडला, त्याचे तुकडे क्युबावर पडले आणि त्यात एक गाय मेल्याचे वृत्त आले. अमेरिकेची ध्रुवीय उड्डाणे मुख्यतः कॅलिफोर्नियातील वँडनबर्गहून होत राहिली. तेथे दक्षिणेला प्रशांत महासागर मोकळा आहे.

भारताने मार्ग काढला तो वळशाचा. ध्रुवीय कक्षेसाठी निघालेला पीएसएलव्ही प्रथम आग्नेयेकडे, उत्तरेपासून सुमारे 140 अंशांच्या दिशेने जातो आणि श्रीलंकेला बगल दिल्यावर हवेतच दक्षिणेकडे वळतो. इस्रोच्या थेट प्रक्षेपणात पडद्यावरील नकाशा पाहिला, तर मार्गाची रेषा समुद्रावर वाकलेली स्पष्ट दिसते. वेग वाढला, की वळणे महाग पडते. धावत्या मालगाडीला रूळ बदलायला लावावे, तसा हा प्रकार आहे. पीएसएलव्ही ही किंमत सोसू शकतो. छोट्या एसएसएलव्हीला मात्र ती जड जाते. त्याचे उड्डाणवजन सुमारे 120 टन आणि सोयीच्या कक्षेतही तो जेमतेम 500 किलो वाहून नेतो. वळशात जाळलेले इंधन या पाचशे किलोंमधूनच वजा होते. लांब वाटेने गेलेल्या गाडीचा डिझेलखर्च भाड्यातून कापला जावा, तसेच हे.

यासाठी तमिळनाडूत थूत्तुक्कुडी जिल्ह्यातील कुलशेखरपट्टिनम येथे दुसरे प्रक्षेपणस्थळ उभारले जात आहे. 28 फेब्रुवारी 2024 रोजी त्याची कोनशिला बसली. गंमत अशी, की हे ठिकाण 8.4 अंशांवर, म्हणजे श्रीहरिकोट्याहून विषुववृत्ताला जवळ आहे. तेथील जमिनीचा वेग 460 मीटर आहे आणि ध्रुवीय उड्डाणाला तो थोडा अधिकच नडतो. पण श्रीलंका तेथून पूर्वेला राहते आणि दक्षिणेला मोकळा हिंदी महासागर लागतो. अग्निबाण निघाल्यापासून सरळ जाऊ शकतो आणि वळशाचा सगळा खर्च वाचतो. पूर्वेकडे जाणारे मोठे अग्निबाण मात्र श्रीहरिकोट्याहूनच सुटत राहतील. कुलशेखरपट्टिनमहून पूर्वेकडे निघालेल्या अग्निबाणाच्या वाटेत तीच श्रीलंका येते.