जॅकेटचं माप परदेशी कळवताना

न्यू जर्सीतली मुलगी डिसेंबरात नाशिकला यायची असते. बाबांसाठी जॅकेट आणावं म्हणून ती माप विचारते आणि घरून उत्तर जातं, ‘एल लागतो.’ इतक्या माहितीवर दुकानात काहीच ठरवता येत नाही. एका कंपनीचा एल दुसऱ्या कंपनीच्या एलशी जुळत नाही, आणि अमेरिकी एल तर बहुतेक वेळा आपल्याकडच्या एलपेक्षा मोठाच निघतो. म्हणून अक्षराऐवजी इंच कळवावेत.

छाती मोजताना पातळ शर्टावर, टेप बगलेखालून पाठीवर आडवा सरळ फिरवायचा आणि श्वास रोखायचा नाही. पोटाचा घेरही मोजायलाच हवा. पन्नाशीनंतर तो पुष्कळदा छातीपेक्षा जास्त भरतो आणि चेन नेमकी तिथेच अडते.

खरा घोळ होतो तो बाहीत. आपला शिंपी बाही खांद्याच्या हाडापासून मनगटापर्यंत मोजतो. अमेरिकेत शर्टाची आणि बऱ्याच जॅकेटांची बाही मानेच्या मागच्या मध्यापासून, खांद्यावरून मनगटापर्यंत धरतात. बाबांची बाही २४ इंच आणि खांदा १७ इंच असेल, तर खांद्याचे निम्मे साडेआठ मिळवून तिथल्या हिशेबाने साडेबत्तीस होतात. नुसतं ‘बाही २४’ वाचून मुलगी तक्त्यात शोधत बसली, तर तिला तो आकडा मोठ्यांच्या मापात सापडणारच नाही. माप कुठून कुठवर घेतलं, हे म्हणूनच आकड्याइतकंच महत्त्वाचं.

मग निरोप असा जावा: ‘छाती ३९ इंच, पोट ४१, खांदा १७. बाही खांद्यापासून २४, मानेच्या मध्यापासून साडेबत्तीस. उंची ५ फूट ६ इंच. सगळी मापं अंगाची आहेत, जॅकेटची नाहीत. आत स्वेटर घालणार.’

शेवटची दोन वाक्यं गाळू नयेत. थंडीच्या जॅकेटला अंगाच्या मापावर चार-सहा इंच मोकळीक ठेवलेली असते. कंपनीच्या तक्त्यात बहुधा अंगाचं माप असतं. मुलीला हे माहीत नसेल आणि तिने स्वतःच आणखी चार इंच वाढवले, तर जॅकेट अंगावर लोंबेल.

या मापांचा माणूस छातीने मीडियममध्ये बसतो, पण पोट आणि स्वेटर धरून त्याला लार्ज घ्यावा लागतो. मात्र लार्जची बाही साधारण ३४-३५ इंचांची, म्हणजे हातावर उतरणारी. अशा वेळी ‘लार्ज शॉर्ट’ मागावा. कमी उंचीच्या माणसांसाठी काही कंपन्या तो करतात. तो न मिळाल्यास मनगटाला इलॅस्टिक किंवा चिकटपट्टी असलेलं जॅकेट निवडावं, कारण तिथे जास्तीची बाही वरच अडून राहते.

घरात नीट बसणारं जुनं जॅकेट असेल तर त्याची चेन लावून ते सपाट पसरावं आणि एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत मोजावं. ते २३ इंच भरलं तर तेही निरोपात लिहावं, ‘हे जॅकेटचं माप’ असं स्पष्ट सांगून. मुलीला दुकानात टेप लावून तेवढंच ताडून पाहता येईल.