सांध्यांची गोष्ट – भाग ४ : झीज की आमवात?

काष्टीच्या बाजारात गुडघ्याला हात लावून उठणारी माणसं कमी नाहीत. ‘वात आहे’ म्हटलं की विषय संपतो. पण या वाताचे दोन प्रकार अगदी वेगळे आहेत, आणि ते ओळखायला पहाटेची धार बरी पडते.

समजा, एकाच घरातल्या दोन जावा आहेत. थोरली साठीची. उठल्यावर गुडघे धरलेले असतात, पण गोठ्यापर्यंत चालत गेली की दहा-पंधरा मिनिटांत मोकळे होतात. दुखणं वाढतं ते दिवसभर राबल्यावर, उकिडवं बसल्यावर, पायऱ्या उतरताना. ही झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. हाडांच्या टोकांवरची कूर्चा विरते आणि कडेला हाड वाढतं. वय, वजन, जुना मार आणि घराण्याचा वारसा ही त्याची मुख्य कारणं.

धाकटी अडतिशीची. पहाटे पाचला तिची मूठच वळत नाही, सड धरवत नाही. कोमट पाण्यात हात बुडवून बसते, तरी बोटं सैल व्हायला सात वाजतात. कामाला लागल्यावर मात्र जरा बरं वाटतं. हा आमवात, र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. इथे शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. ते अस्तर सुजतं आणि पुढे कूर्चा व हाड कुरतडतं. हे असं का उलटतं, याचं एकच कारण सांगता येत नाही. आनुवंशिकता असते, धूम्रपानानं धोका वाढतो. बायकांना हा आजार पुरुषांच्या दोन-तीन पट होतो.

सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत गेला तर झीज, तासाहून जास्त टिकला तर आमवात, ही ढोबळ सीमा लक्षात ठेवावी. मग हात पाहावा. झिजेच्या गाठी नखाजवळच्या पेरावर आणि अंगठ्याच्या मुळाशी येतात, दाबल्या तर हाडासारख्या टणक लागतात. आमवात नखाजवळचं पेर बहुधा सोडतो. तो बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं आणि पायाच्या बोटांची मुळं धरतो. तोही सहसा दोन्ही बाजूंना. सूज मऊ, गरम असते. हस्तांदोलन करताना बाई कळवळली, तर शंका घ्यावी. गुडघा मात्र दोन्हींत दुखतो, त्यामुळे नुसत्या गुडघ्यावरून निदान करू नये.

दौंडच्या पलीकडे भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूनं १९९६पासून घरोघर पाहणी केली. प्रौढांत झीज सुमारे ५.८ टक्के आढळली, आमवात ०.५ टक्के. म्हणूनच धाकटीच्या बोटांनाही ‘झीज’ म्हणून वेदनाशामक गोळी दिली जाते आणि मोलाचे महिने जातात. रक्तातला आर. ए. फॅक्टर एकटा पुरत नाही: काही निरोगी माणसांत तो सापडतो, काही रुग्णांत सापडत नाही. जोडीला अँटी-सीसीपी, सीआरपी आणि मुख्य म्हणजे सुजलेले सांधे मोजणारा डॉक्टर हवा.

आमवाताचं नेहमीचं औषध मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.